घरच्या विजेवर एक मोनेरो काढायला किती रुपयांची लाईट जाते, नाशिकमधल्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024

आपलं लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचं काम आहे, त्यासाठी सेकंडहँड पीसी घेतला, रायझन 9 3900X, 31 हजार. तुळशीच्या लग्नापर्यंत तारखा नाहीत त्यामुळे मशीन नुसतं पडून. मावसभाऊ घरी आला होता, तो म्हणाला, "अरे रात्रभर झोपवतोस कशाला त्याला, मोनेरो काढ, त्याला ग्राफिक कार्डची गरज नाही, प्रोसेसरवर निघतं." खरं आहे ते, मोनेरो म्हणजे बिटकॉइनसारखं डिजिटल नाणं, ते काढायचं म्हणजे कॉम्प्युटरला सतत गणितं करायला लावायचं, आणि त्या गणिताची पद्धत, रँडमएक्स, मुद्दाम प्रोसेसरसाठीच बनवलीय.

त्याने तिथेच मोबाईलवर हिशोब मांडला. 14 हजार हॅशरेट, म्हणजे सेकंदाला गणिताचे तेवढे प्रयत्न (विकणाऱ्याने सांगितलेला), 105 वॅट (डब्यावर लिहिलेले), साडेसात रुपये युनिट (त्याच्या घरचं बिल). उत्तर आलं एका नाण्याला साधारण 10 हजार 400 रुपयांची वीज. नाणं 16 हजाराला जातंय असं धरलं तर साडेपाच हजार सुटले. हॅशरेट, वॅट आणि दर हे तीनही आकडे चुकीचे निघाले, कसे ते खाली येईलच. मशीन कामासाठी घेतलेलं आहे म्हणून त्याची किंमत हिशोबात धरत नाहीये, फक्त वीज.

सूत्र मात्र त्याचं बरोबर होतं, ते इथे ठेवतो:

```
units = D / R / H * W / 3600000
D = difficulty   R = 0.6
H = hash/sec     W = watt
```

मोनेरोत दर दोन मिनिटाला व्यवहारांचा एक गठ्ठा म्हणजे ब्लॉक, आणि जून 2022 पासून बक्षीस ब्लॉकमागे 0.6 नाणं कायमचं ठरलेलं, म्हणून R बदलत नाही. डिफिकल्टी म्हणजे एक ब्लॉक सापडायला सरासरी किती हॅश मारावे लागतात तो आकडा. मी सगळीकडे गोल 400 अब्ज धरलाय, म्हणजे एका पूर्ण नाण्याला 400 भागिले 0.6, जवळपास 667 अब्ज हॅश. पूलमध्ये म्हणजे बऱ्याच जणांनी मिळून काढा की एकटे, सरासरी हाच आकडा लागतो, पूलमध्ये फक्त ते थेंब थेंब मिळतं.

16 नोव्हेंबर

लिनक्स टाकलं, नाणं काढायचं म्हणजे मायनिंगचं सॉफ्टवेअर xmrig चालू केलं. हॅशरेट 5.2 हजार. चौदा सांगितले होते राव.

लाल अक्षरात एक ओळ येत होती आणि मी दोन तास ती न वाचता तापमान बघत बसलो:

```
FAILED TO APPLY MSR MOD, HASHRATE WILL BE LOW
```

वर huge pages पण 0% दाखवत होतं. रँडमएक्सला दोन जीबीच्या वर डेटा रॅममध्ये ठेवून त्यात सारखं इकडून तिकडे उड्या मारायच्या असतात, रॅमची पानं छोटी असली की प्रोसेसरचा वेळ पान शोधण्यातच जातो. उपाय दोन ओळींचा:

```
sudo sysctl -w vm.nr_hugepages=1280
sudo ./xmrig -c config.json
```

sudo विसरलात तर MSR वाली, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सेटिंगची, ओळ परत येते. दोन्ही लागल्यावर 7.8 हजार झाले. तरी चौदा कुठे.

19 नोव्हेंबर

तीन दिवस बायोस, तापमान, पेस्ट सगळं उचकलं आणि शेवटी कॅबिनेट उघडून नीट बघितलं तर 16 जीबीची एकच पट्टी. विकणाऱ्याने "16 जीबी आहे" सांगितलं होतं, खोटं नाही बोलला, पण एका पट्टीवर रॅमचा रस्ता एकपदरी राहतो आणि बारा कोअर त्यात अडकून बसतात. एडिटिंगला हे जाणवलंच नसतं. तसलीच दुसरी पट्टी आणली, 3,100 रुपये, लावल्या लावल्या 12.1 हजार. स्क्रीनवर 10s/60s/15m असे तीन आकडे येतात त्यातला 15m वालाच धरा, पहिला नाचत असतो.

चौदा काही आले नाहीत, मी नादही सोडला. एका पट्टीने काय नुकसान होत होतं ते बघा. तेव्हा भिंतीवर 160 वॅट जात होते आणि हॅश 7.8 हजार, म्हणजे एका नाण्याला 3,800 युनिट. दुसऱ्या पट्टीनंतर वॅट थोडे वाढून 178 झाले पण नाण्याला 2,724 युनिटच. वॅट वाढूनही नाणं स्वस्त पडलं. नुसते वॅट बघू नका, एका हॅशला किती वीज जाते ते बघायचं.

21 नोव्हेंबर

भिंतीवरचे वॅट कसे मोजले ते लिहायचं राहिलं, आणि इथे मी एक पूर्ण संध्याकाळ घालवली.

आधी सॉफ्टवेअरमध्ये बघितलं, प्रोसेसर 115 दाखवतो. तो नुसता प्रोसेसर. बोर्ड, रॅम, पंखे, ग्राफिक कार्ड आणि पॉवर सप्लायमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी वीज त्यात येत नाही, आणि बिल तर सगळ्याचं येतं. मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर लावला, 1.17 अँपिअर, गुणिले 232 व्होल्ट, 271 वॅट. माझे तर हातपाय गार.

पण ते वॅट नव्हतेच. हा स्वस्तातला जुना पॉवर सप्लाय आहे, तो करंट वाकडातिकडा ओढतो, त्यामुळे अँपिअर गुणिले व्होल्ट केलं की आकडा फुगून येतो. घरचं मीटर त्यातले खरे वॅटच मोजतं. प्लगमध्ये बसणारा एनर्जी मीटर मागवला, 850 रुपये, त्याने पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या फुगलेल्या आकड्यातला खऱ्या वॅटचा वाटा, 0.66 आणि 178 वॅट दाखवले. 271 ला 0.66 ने गुणलं की तेवढेच येतात, म्हणजे गणित जुळलं.

आता हा 850 चा डबा तरी खरं बोलतो का, म्हणून खाली जिन्यातल्या मीटरवर ताळा केला. मीटरवर 3200 imp/kWh छापलेलं असतं, म्हणजे लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद केलं, फ्रिज, राऊटरचा चार्जर, देवघरातला झिरोचा बल्ब सुद्धा, फक्त मशीन चालू (नेट मोबाईलवरून), आणि मी जिन्यात टॉर्च धरून मोजायला उभा. दहा मिनिटात 94 लुकलुक. 94 भागिले 3200, गुणिले सहा, 0.176 किलोवॅट. डबा 178 म्हणतो, मीटर 176, झालं की. वरून आईचा आवाज, "अरे फ्रिजातलं दूध नासेल, झालं का तुझं मोजून?" शेजारचे काका मला जिन्यात बघून विचारत होते मीटर फास्ट आहे का म्हणून, त्यांचंही मोजून द्यायचं कबूल करून बसलोय.

24 नोव्हेंबर

आज दर. सगळ्यात मोठी चूक याच्यात होती आणि मला वाटतं बहुतेक जण इथेच फसतात.

मी बिलातला स्थिर आकार सोडून उरलेली रक्कम भागिले युनिट केलं होतं. आमच्या घरी महिन्याला 240 युनिट जातात, तसं केलं तर 10 रुपये 60 पैशाच्या आसपास येतं. मावसभावाच्या घरी दोघंच, 115 युनिट, त्याला साडेसातच्या आसपास पडतात. पण ही सरासरी झाली, त्यात पहिल्या स्वस्त 100 युनिटचा फायदा मिसळलेला आहे. ते स्वस्त 100 तर घरच्या फ्रिज-पंख्याने आधीच खाल्लेत. मायनिंगचा युनिट नेहमी वरच्या टोकाला जाऊन बसतो, त्याला टोकाचाच दर लागतो.

महावितरणचे घरगुती दर 2024-25 साठी असे होते: 100 पर्यंत 4.71, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55, त्याच्या वर 16.64. प्रत्येक युनिटवर 1.17 वहन आकार वेगळा, आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. इंधन समायोजन दर महिन्याला बदलतं म्हणून सोडलं, स्थिर आकार मायनिंग करा न करा भरायचाच आहे म्हणून तोही सोडला. तर हातात पडणारा दर असा:

पहिले 100, 6.82 रुपये
101 ते 300, 13.29 रुपये
301 ते 500, 18.24 रुपये

178 वॅटने 24 तास म्हणजे महिन्याला 128 युनिट. आमचे 240 आधीच झालेत, त्यामुळे पुढचे 60 युनिट 13.29 ने आणि उरलेले 68 थेट 18.24 ने. सरासरी 15.92. गुणिले 2,724 युनिट, एका नाण्याला 43 हजार 400 रुपये. आणि ते निघायला 638 दिवस.

मावसभावाला फोन केला. तो म्हणे माझ्याकडे लावू, माझ्याकडे साडेसात आहे. म्हटलं दादा, तुझे 115 झाले की पुढचा प्रत्येक युनिट 13.29 चा, साडेसातचा एकही शिल्लक नाही. थोडा वेळ गप्प होता, मग म्हणाला बिल काढून बघतो.

28 नोव्हेंबर

तारखा चालू झाल्यात, दिवसा एडिटिंग, रात्री आणि रेंडर नसेल तेव्हा मायनिंग. प्रोसेसरला कमी खायला घालून बघायचं ठरवलं. बायोसमध्ये प्रिसिजन बूस्टच्या खाली PPT नावाची प्रोसेसरच्या वॅटची मर्यादा असते, या प्रोसेसरची मूळ 142 आहे. ती हाताने 75 केली.

हॅशरेट 12.1 वरून 10.6 हजार, भिंतीवर 178 वरून 128 वॅट. हॅश साडेबारा टक्के गेले पण वीज 28 टक्के वाचली. शेवटचे थोडे हॅश काढायला प्रोसेसर व्होल्टेज चढवत जातो, ती वीज सगळी उष्णतेत जाते.

दुहेरी फायदा झाला तो असा की महिन्याचे युनिट 128 वरून 92 झाले, म्हणजे 18.24 वाल्या घरात 68 ऐवजी 32 च पडले. नाण्याला 2,236 युनिट, सरासरी दर 15.02, खर्च 33 हजार 600. एका बायोसच्या सेटिंगने जवळपास दहा हजार उतरले. वाईट एवढंच की रेंडर करताना आठवणीने परत 142 करावं लागतं. एकदा विसरलो आणि हळदीचा व्हिडिओ रात्रभर रेंगाळला, सकाळी पार्टीचे तीन मिसकॉल.

1 डिसेंबर

जुनं ग्राफिक कार्ड नुसतं स्क्रीन दाखवायला बसवलेलं, मायनिंगला त्याचं काहीच काम नाही. ते काढून मशीन लॅपटॉपवरून ssh ने चालवलं. 128 चे 115 वॅट झाले, हॅश तेवढेच. एडिटिंगच्या दिवशी कार्ड परत बसवायचं म्हणजे स्क्रू घट्ट करत नाही आता, सरळ उपसतो.

आताचा हिशोब: 10.6 हजार हॅश, 115 वॅट, रोज 2.76 युनिट, नाण्याला 728 दिवस आणि 2,009 युनिट. दर 14.65, खर्च 29 हजार 400. यावर पूलचा 1 टक्का आणि xmrig चा ठरलेला 1 टक्का, म्हणजे इथल्या सगळ्याच आकड्यांवर दोन टक्के अजून चढवा.

डिफिकल्टी रोज सकाळी बघतोय, मोनेरोत ती प्रत्येक ब्लॉकला थोडी सरकते. ती 10 टक्के चढली की युनिटही बरोबर 10 टक्के चढतात. त्यामुळे 728 दिवस हा आजच्या दिवसाचा आकडा आहे, दोन वर्षं तशीच राहील असं नाही.

4 डिसेंबर

काल रात्री दोनला नेट गेलं, सकाळी आठला आलं. स्क्रीनवर

```
no active pools, stop mining
```

आणि मशीन निवांत 60 वॅट पीत बसलेलं. मला आधी लाईट जाण्याची भीती वाटत होती, पण लाईट गेली तर नुसता वेळ जातो, मीटरही थांबतं, नाण्याचा खर्च वाढत नाही. नेट गेलं की मात्र मीटर फिरतं आणि हॅश शून्य. config मध्ये दुसऱ्या पूलचा पत्ता टाकून फायदा नाही, नेटच नाही तर. छोटी स्क्रिप्ट लावली, दहा मिनिटं पिंग लागला नाही की मशीन बंद.

दुसरी गंमत, मशीनचा प्लग मी इन्व्हर्टरच्या लाईनवर लावला होता. परवा दुरुस्तीसाठी दीड तास लाईट नव्हती तर हे महाशय बॅटरीवर मायनिंग करत होते आणि पंखा बंद पडल्यावर आईच्या लक्षात आलं. बॅटरीत जेवढी वीज भरतो तेवढी परत मिळत नाही, वाटेत बरीच जाते, म्हणजे तो युनिट 18 रुपयापेक्षाही महाग. प्लग बदलला.

8 डिसेंबर

पाथर्डी फाट्याला आमच्या भावाचा फ्लॅट बंद आहे, तो पुण्याला असतो, मीटर चालू आहे आणि स्थिर आकार तसाही जातोच. डोक्यात आलं की महिन्याला 83 युनिट म्हणजे 100 च्या आत, सगळेच्या सगळे 6.82 ने. 2,009 गुणिले 6.82, 13 हजार 700 रुपये. दोन टक्के धरून 14 हजार. 16 हजारातून दोन हजार सुटतात! रात्री साडेअकराला मी चप्पल घालून निघालो होतो, आईने थांबवलं.

सकाळी उरलेला हिशोब केला. तिथे नेट नाही. मायनिंगला डेटा अगदी थोडा लागतो, जुन्या मोबाईलचा हॉटस्पॉट पुरतो, पण सिम चालू ठेवायला महिन्याला 200 धरले तरी 24 महिन्यांचे 4,800. झाले 18 हजार 800. शिवाय 178 वॅटवर हा खेळ जमलाच नसता, 128 युनिट झाले असते आणि शंभरच्या वरचे 28 थेट 13.29 ला गेले असते. तीन-चार वेळा तिथे गेलो असतो बघायला तर पेट्रोल वेगळंच. आणि मशीन तिथे, एडिटिंग इथे.

ज्याच्याकडे खरंच बंद घर आणि चालू नेट दोन्ही आहे त्याने हे आकडे स्वतःचे टाकून बघावेत. झटपट बघायचं तर नाण्याचा भाव भागिले नाण्याचे युनिट: 16,000 भागिले 2,009, 7 रुपये 96 पैसे. तुमचा टोकाचा दर याच्या वर असेल तर नाणं विकत घेणं स्वस्त. आमचा 13.29 पासून सुरू होतो.

उन्हाळ्याचं पण काढून ठेवलं. एप्रिलमध्ये कूलर लागला की घरच्याच वापराने 300 पार होतं, मग मायनिंगचा प्रत्येक युनिट 18.24, नाणं 36 हजार 600 ला. आणि 115 वॅटचा हीटर खोलीत. आत्ता थंडी आहे म्हणून मशीनशेजारी बसायला बरं वाटतंय, वडील सकाळचा पेपर तिथेच वाचतात.

17 डिसेंबर

बिल आलं. 338 युनिट, गेल्या महिन्याला 240. जास्तीचे 98, त्यातले 60 गुणिले 13.29 आणि 38 गुणिले 18.24, 1,490 रुपये. पूलवर शिल्लक 0.035 नाणं. त्या वेगाने पूर्ण नाणं 42 हजार 600 ला पडलं असतं, सुरुवातीचे एकपदरी रॅमचे आणि 178 वॅटचे दिवस यात धरलेले आहेत म्हणून 29 हजाराच्या बरंच वर.

0.035 काढून घेता येत नाहीत, पूलची ठरलेली किमान मर्यादा 0.1 आहे, हे मी आज बघितलं. सेटिंगमध्ये ती कमी करता येते, केली.

आईने बिल वाचलं, म्हणाली, "दीड हजारात काय आलं?" मी सांगितलं 0.035. "म्हणजे किती?" म्हटलं पाचशे साठ. ती काही बोलली नाही, बिल देवघराच्या कपाटात ठेवलं.

मशीन आता 142 वर, कार्ड बसवलेलं, स्क्रू घट्ट. प्लगचा मीटर फ्रिजला लावलाय, आणि काकांच्या मीटरचं रविवारी मोजायचंय.